तारीख न सांगितलेली रात्र

मदिनेतली गोष्ट आहे. रमजानमध्ये एके दिवशी मुहम्मद पैगंबर घरातून बाहेर आले ते सोबत्यांना एक तारीख सांगण्यासाठी. ज्या रात्रीची उपासना हजार महिन्यांपेक्षा मोलाची, ती रात्र नेमकी कोणती, हे ते सांगणार होते. बाहेर दोन माणसांचं आपसांत भांडण चाललं होतं. त्या भांडणामुळे तारखेचं ज्ञान काढून घेतलं गेलं. कदाचित यातच तुमचं भलं असेल, आता तुम्हीच ती रात्र शोधा, अशा अर्थाचं काहीसं पैगंबर तेव्हा म्हणाले. हा प्रसंग उबादा बिन सामित या सोबत्याने सांगितला आणि बुखारींच्या हदीससंग्रहात तो नोंदला गेला.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मशिदींमध्ये पहाटेपर्यंत दिवे का जळतात, याचं उत्तर या छोट्याशा प्रसंगात आहे. अरबीत या रात्रीला लैलतुल कद्र म्हणतात. आपल्याकडे फारसी वळणाचं शबे कद्र हे नाव जास्त रुळलेलं आहे. शबे बरातशी तिची गल्लत करू नये. शबे बरात रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याच्या पंधराव्या रात्री येते. तिची तारीख ठरलेली आहे, शबे कद्रची नाही.

श्रद्धेनुसार कुरआन याच रात्री अवतरलं. मक्केजवळ जबल-ए-नूर नावाचा डोंगर आहे आणि त्याच्या माथ्याजवळ हिरा नावाची लहानशी गुहा आहे. इ. स. ६१० मध्ये रमजानच्या एका रात्री तिथे एकांतात बसलेल्या मुहम्मद पैगंबरांकडे जिब्रील हा देवदूत आला आणि वाचण्याची आज्ञा देणारे पहिले शब्द त्यांना मिळाले. पुढे तेवीस वर्षं थोडंथोडं करून कुरआन पूर्ण झालं. मग ते एका रात्रीत अवतरलं असं कसं म्हणायचं? इब्न अब्बास यांच्या नावावर असलेला खुलासा असा, की या रात्री सगळा ग्रंथ सर्वांत खालच्या आकाशापर्यंत एकत्र उतरला आणि तिथून प्रसंगानुसार पैगंबरांपर्यंत येत राहिला. कित्येक भाष्यकार मात्र ‘या रात्री अवतरणाला सुरुवात झाली’ एवढाच साधा अर्थ घेतात.

कुरआनच्या ९७व्या अध्यायाला या रात्रीचंच नाव आहे. तो अवघ्या पाच आयतींचा आहे. ही रात्र हजार महिन्यांहून श्रेष्ठ आहे, या रात्री देवदूत खाली उतरतात आणि पहाट फुटेपर्यंत ती शांततेची असते, हा त्याचा आशय. हजार महिने म्हणजे ८३ वर्षं आणि चार महिने. पण हे महिने चांद्र आहेत. आपल्या कॅलेंडरने हिशेब केला तर जवळपास ८१ वर्षं होतात, म्हणजे एका माणसाचं भरपूर मोठं आयुष्य. जुन्या भाष्यांमध्ये एक कथा येते. बनी इस्राईलमधल्या एका पुरुषाने हजार महिने ईश्वराच्या मार्गात काढले, हे ऐकून सोबत्यांना आपलं आयुष्य तोकडं वाटलं, आणि तेव्हा ही रात्र मिळाली. कथा बाजूला ठेवली तरी हिशेब लक्षात राहतो. ही रात्र हाती लागली, तर एका आयुष्याची कमाई पदरात पडते. मग झोपायचं कसं?

अडचण एवढीच, की कोणत्या रात्री जागायचं हे कळत नाही. कोजागरीला आपण जागतो तेव्हा पंचांगात पौर्णिमा छापलेली असते आणि डोक्यावर पूर्ण चंद्र असतो. इथे दोन्ही नाही. रमजानच्या शेवटच्या दहा रात्रींत चंद्र उतरणीला लागलेला असतो. सत्ताविसाव्या रात्री तर तो पहाटेच्या सुमारास, बारीक कोर होऊन उगवतो.

शोधायची कुठे, याबद्दल पैगंबरांनी खुणा दिल्या आहेत. शेवटच्या दहा रात्री आणि त्यांतही विषम रात्री, म्हणजे २१, २३, २५, २७ आणि २९, ही सर्वांत प्रसिद्ध खूण. उर्दू बोलणारे यांना ताक रातें म्हणतात. हिजरी कालगणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून रात्र आधी आणि तिचा दिवस नंतर. विसावा रोजा सोडला की लगेच एकविसावी रात्र लागते. सव्विसावा रोजा सोडला की सत्ताविसावी. बिगरमुस्लीम मित्रांचा इथेच एका दिवसाचा घोळ होतो.

सोबत्यांनी ही रात्र ओळखल्याच्या हकिगतीही आहेत. अबू सईद खुदरी सांगतात, की त्या वर्षी पैगंबरांना स्वप्नात दिसलं होतं, आपण त्या पहाटे पाण्यात आणि चिखलात सजदा करत आहोत. एकविसाव्या रात्री पाऊस आला. मदिनेच्या मशिदीचं छप्पर तेव्हा खजुराच्या झावळ्यांचं होतं, ते गळलं. पहाटेच्या नमाजनंतर पैगंबरांच्या कपाळावर आणि नाकावर ओली माती लागलेली अबू सईद यांनी स्वतः पाहिली. म्हणजे त्या वर्षी रात्र एकविसावी होती. दुसरीकडे उबय्य बिन काब शपथेवर सांगत, की ती सत्ताविसावीच. त्यांच्या मते खूण अशी, की दुसऱ्या दिवशीचा सूर्य किरणांच्या झळाळीशिवाय उगवतो. ही खूण रात्र उलटून गेल्यावर दिसते, हे लक्षात घ्या. जो जागला त्याला सकाळी समाधान मिळेल, पण कधी जागायचं हे ठरवायला तिचा काडीचा उपयोग नाही.

इमाम शाफईंचा कल एकविसाव्या आणि तेविसाव्या रात्रीकडे होता. आपले कोकणी मुसलमान त्यांच्याच पंथाचे. पण रत्नागिरी-रायगडच्या गावांमध्येही सत्ताविसावीचा मान काही कमी नाही. ही रात्र दरवर्षी फिरते, असंही अनेक विद्वान म्हणतात, आणि सगळ्या हकिगती एकत्र ठेवल्या तर मला हेच म्हणणं पटण्यासारखं वाटतं.

खरी गंमत पुढे आहे. काही हदीसमध्ये मोजणी शेवटाकडून केलेली आहे. महिना संपायला नऊ रात्री उरतील तेव्हा, सात उरतील तेव्हा, पाच उरतील तेव्हा शोधा, असं त्यांत म्हटलं आहे. चौदाव्या शतकात होऊन गेलेल्या इब्न तैमिया यांनी यातला पेच नेमका दाखवला. चांद्र महिना कधी २९ दिवसांचा असतो, कधी ३०चा. २९चा असेल तर शेवटून सातवी रात्र म्हणजे तेविसावी, विषमच. पण महिना तीसचा निघाला तर शेवटून सातवी रात्र चोविसावी होते. शेवटून नववी रात्र बाविसावी होते. सगळा खेळ सम रात्रींवर जातो.

आपल्याकडचीच दोन वर्षं घेऊ. २०२४ मध्ये महाराष्ट्रात पहिला रोजा १२ मार्चला होता आणि ईद ११ एप्रिलला, म्हणजे तीस रोजे झाले. २०२५ मध्ये पहिला रोजा २ मार्चला आणि ईद ३१ मार्चला, म्हणजे एकोणतीस. तेव्हा शेवटून मोजणाऱ्याच्या दृष्टीने २०२५ मध्ये विषम रात्री महत्त्वाच्या होत्या आणि २०२४ मध्ये सम. पण हे कळलं कधी? ईदचा चंद्र दिसला किंवा दिसला नाही तेव्हा, म्हणजे सगळ्या रात्री संपत आल्यावर. चोविसाव्या रात्री अंथरुणात पडलेल्या माणसाला हा महिना किती दिवसांचा निघणार, हे कळायला मार्ग नव्हता. त्यात भर म्हणजे दोन्ही वर्षी सौदी अरेबियात रमजान आपल्याआधी एक दिवस सुरू झाला. २०२५ मध्ये २६ मार्चला सूर्यास्तानंतर मक्केत सत्ताविसावी रात्र लागली, तेव्हा मुंबईत सव्विसावी होती. मालेगावचा एक भाऊ जेद्दाला नोकरीला असेल, तर दोघांच्या विषम रात्री कधी जुळायच्याच नाहीत.

हे सगळं जमेस धरलं की एकच शहाणपणाचा मार्ग उरतो. दहाही रात्री जागायचं. पैगंबरांनी स्वतः तेच केलं. हजरत आयेशा सांगतात, की शेवटचे दहा दिवस लागले की ते कंबर कसत, रात्र जागवत आणि घरच्यांनाही उठवत. तारीख लपवण्याचा हेतू हाच असावा, असं बहुतेक भाष्यकार मानतात. तारीख जाहीर असती तर लोकांनी एक रात्र गाठली असती आणि बाकीच्या नऊ झोपून काढल्या असत्या.

या दहा रात्री पूर्ण पकडण्याची जुनी रीत म्हणजे इतिकाफ. विसाव्या रोज्याला सूर्यास्ताच्या आत माणूस अंथरूण-पांघरूण घेऊन मशिदीत राहायला जातो आणि ईदचा चंद्र दिसेपर्यंत बाहेर येत नाही. शौचाला आणि वजूला जाता येतं. दुकानात, बाजारात किंवा मित्राकडे जाता येत नाही. उगाच बाहेर पडलं तर इतिकाफ मोडतो. मशिदीच्या कोपऱ्यात दोरीवर चादरी टाकून आडोसा केलेला असतो, त्याच्या मागे इतिकाफला बसलेला माणूस कुरआन वाचत असतो किंवा डुलकी काढत असतो. त्याला मोतकिफ म्हणतात. जेवण घरून येतं. हनफी पंथात नियम असा, की मोहल्ल्यातून एक जण जरी बसला तरी सगळ्यांची जबाबदारी फिटते. कुणीच बसलं नाही तर दोष सगळ्या मोहल्ल्याला लागतो. म्हणून विसावा रोजा जवळ आला की मशिदीच्या कमिटीची माणसं ‘यंदा कोण बसतंय?’ म्हणून विचारत फिरतात. बहुधा एखादे निवृत्त चाचा आणि परीक्षा संपलेली दोन-तीन पोरं तयार होतात. बायका घरातच एक कोपरा ठरवून इतिकाफला बसतात.

पण बाकीच्यांना नोकरी आहे, दुकान आहे. त्यांच्यासाठी समाजाने व्यवहारात एक रात्र निवडली, ती सत्ताविसावी. तिच्या मागे उबय्य यांची शपथ आहेच. आणखी एक धागा मला फार मजेदार वाटतो. हनफी पंथात रमजानच्या रात्री इशाच्या नमाजनंतर वीस रकात तरावीह पढतात आणि त्यांत महिनाभरात संपूर्ण कुरआन ऐकवलं जातं. हनफी ग्रंथांत नोंद आहे, की बुखाराच्या विद्वानांनी कुरआनचे ५४० रुकू, म्हणजे परिच्छेद पाडले. एका रकातीत एक रुकू. रोजचे वीस, तर ५४० संपायला बरोबर २७ रात्री लागतात. कुरआनची समाप्ती शबे कद्रला व्हावी, या आशेने केलेला हा हिशेब. आपल्याकडच्या छापील प्रतींत समासात ऐन हे अक्षर दिसतं, ती रुकूची खूण. आजच्या प्रतींत एकूण संख्या थोडी वेगळी भरते, पण रीत टिकली. मक्का-मदिनेच्या मशिदींत मात्र समाप्ती एकोणतिसाव्या रात्री होते.

तर सत्ताविसाव्या रात्री आपल्याकडे काय होतं? मार्च २०२५ च्या मुंबईचंच गणित धरू. सूर्यास्त सातच्या थोडा आधी आणि पहाटेचा फजर सव्वापाचच्या सुमारास, म्हणजे साधारण साडेदहा तासांची रात्र. इफ्तार आणि मगरिबची नमाज आटोपते. साडेआठच्या सुमारास इशा आणि मग तरावीह. हाफिजसाहेब शेवटच्या छोट्या छोट्या सुरा पढतात. अखेरची सुरा संपली की लगेच सुरुवातीच्या ओळी पुन्हा पढण्याची पद्धत आहे, म्हणजे एक वाचन संपतं तिथेच दुसरं सुरू झालेलं असतं. मग लांबलचक दुआ, हाफिजसाहेबांच्या गळ्यात हार, मिठाईचं वाटप, मौलवींचं प्रवचन. अकरा वाजतात आणि गर्दी पांगते.

जागणाऱ्यांची रात्र इथून सुरू होते. ठरावीक असा विधी नाही. हनफी मताप्रमाणे तरावीहखेरीज ऐच्छिक नमाज जमातीने पढणं पसंत केलं जात नाही, म्हणून मशिदीत पन्नास माणसं असली तरी जो तो आपापली नफिल नमाज पढत असतो. कुणी सलातुल तस्बीह पढतो. चार रकातींत ईश्वराच्या स्तुतीचं एक वाक्य रकातीमागे ७५ वेळा, असं एकूण ३०० वेळा म्हणायचं. अर्धा तास सहज जातो. कुणी भिंतीला टेकून कुरआन वाचतो. कुणी नुसता हात पसरून बसतो. या रात्री काय मागावं, असं हजरत आयेशांनी विचारलं होतं, तेव्हा पैगंबरांनी शिकवलेली दुआ एका ओळीची आहे. तू माफ करणारा आहेस, माफ करणं तुला आवडतं, तेव्हा मला माफ कर, असा तिचा भाव. धन नाही, आयुष्य नाही, फक्त माफी. या रात्री श्रद्धेने उभं राहणाऱ्याचे मागचे गुन्हे माफ होतात, हे हदीसमधलं आश्वासन आहे. जागरणाचं मुख्य कारण विचाराल तर ते हेच. वर्षभराचे निर्णय या रात्री ठरवून दिले जातात, अशीही श्रद्धा आहे. त्यामुळे मागणं मागायचं तर आजच, अशी घाई मनात असते.

जाणकार लोक ताकद शेवटच्या तिसऱ्या हिश्शासाठी राखून ठेवतात. साडेदहा तासांचे तीन भाग केले तर शेवटचा भाग पावणेदोनच्या पुढे सुरू होतो. दुआ ऐकली जाण्याची ती वेळ मानतात. तहज्जुदची नमाज तेव्हाच पढतात. बायकांची रात्र बहुतेक घरीच जाते, आणि सहरीची भाकरी-भाजी करता करता त्यांची तस्बीह चालू असते. मासिक पाळीमुळे नमाज नसलेल्या स्त्रीलाही दुआ आणि नामस्मरण मोकळं आहे, तिची रात्र वाया जात नाही.

चुका कुठे होतात, हेही सांगायला हवं. इफ्तारला तळलेलं पोटभर खाल्लं की अकरालाच डोळे मिटतात. पोरं जागरणाच्या नावाखाली मोटरसायकली घेऊन फिरतात, मौलवी दरवर्षी त्यांना झापतात आणि पोरं दरवर्षी फिरतात. सर्वांत वाईट चूक म्हणजे तीन वाजेपर्यंत ऐच्छिक नमाज पढायची आणि थकून झोपी जाऊन पहाटेची सक्तीची नमाज चुकवायची. हा सरळ तोट्याचा सौदा. झोप अनावर झाली तर नमाज थांबवून झोपावं, असं पैगंबरांनीच सांगितलं आहे. अर्धवट झोपेतला माणूस माफी मागायला जायचा आणि स्वतःलाच शाप द्यायचा, असं त्यांचं कारण.

शिया समाजाचा हिशेब वेगळा आहे. ते १९, २१ आणि २३ या तीन रात्री जागवतात आणि त्यांत तेविसाव्या रात्रीवर सर्वांत जास्त भर देतात. त्यांच्या या रात्रींना शोकाची किनार आहे. इ. स. ६६१ मध्ये कूफाच्या मशिदीत १९ रमजानला हजरत अलींवर तलवारीचा वार झाला आणि २१ रमजानला त्यांचं निधन झालं. त्यामुळे मुंबईच्या डोंगरी भागातल्या शिया मशिदींत या रात्री माफीची दुआ आणि मातम शेजारी शेजारी चालतात. ईश्वराची हजार नावं शंभर भागांत गुंफलेली जौशन कबीर ही दीर्घ दुआ पढली जाते आणि एका टप्प्यावर सगळे जण कुरआन डोक्यावर धरून प्रार्थना करतात. दाऊदी बोहरा तेविसावी रात्रच शबे कद्र मानतात. त्यांचं कॅलेंडर गणिताने बांधलेलं आहे, त्यात रमजान नेहमी तीस दिवसांचा असतो. चंद्र दिसण्याची वाट बघणं नाही, म्हणून तारखेची हुरहुरही नाही.

सुन्नी मोहल्ल्यांतल्या सत्ताविसावीच्या गर्दीला मी नावं ठेवणार नाही. वर्षातून एकदा मशिदीची पायरी चढणारा माणूसही त्या रात्री येतो. पण जी तारीख मुद्दाम सांगितली नाही ती आपणच ठरवून टाकायची आणि अठ्ठाविसाव्या रात्री मशीद ओस पडू द्यायची, हे त्या मदिनेतल्या प्रसंगाशी जुळत नाही. मौलवीसुद्धा दरवर्षी हेच बजावतात.

ज्याला रात्रपाळी आहे, आजारपण आहे, तान्हं मूल आहे, त्याने काय करावं? मदिनेचे पहिल्या पिढीनंतरचे मोठे विद्वान सईद बिन मुसय्यब यांचं मत इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये नोंदलेलं आहे. शबे कद्रला इशाची नमाज ज्याने जमातीने पढली, त्याला त्या रात्रीतला आपला वाटा मिळाला, असं ते म्हणत. पहाटेची नमाजही जमातीने पढली तर सबंध रात्र उभं राहिल्याचं पुण्य मिळतं, अशी हदीस आहे. दहाही रात्री एवढं करणं रिक्षावाल्याला आणि नर्सलाही जमण्यासारखं आहे.

आणि वाचकहो, तुमच्या कचेरीत, कारखान्यात किंवा वर्गात कुणी रोजेदार असेल, तर विसाव्या रोज्यानंतरचे नऊ-दहा दिवस त्याला सकाळी आठची मीटिंग शक्यतो लावू नका. तो अडीच-तीन तास झोपून आलेला असतो, आणि रात्र कोणती हे त्याला अजूनही माहीत नसतं.